शब्दचर्चा : 'राजीनामा' नेमका कोणी दिला?

प्रश्न : आमच्या सुनेच्या माहेरच्या जमिनीचा दावा राजस्थानातल्या न्यायालयात चालू होता. तिथून आलेल्या कागदात 'उभय पक्ष के मध्य राजीनामा हो चुका है, राजीनामा पेश किया गया जो तस्दीक किया गया' असे वाक्य आहे. ऑनलाइन भाषांतरात 'राजीनामा' टाकला की नोकरी किंवा पद सोडणे एवढाच अर्थ येतो. इथे राजीनामा कोणी दिला आणि कशाचा?

उत्तर : कोणीही पद सोडलेले नाही. दोन्ही पक्षांत तडजोड झाली आहे, तिचा लेख न्यायालयात दाखल झाला आहे आणि न्यायालयाने त्याची खातरजमा केली आहे. राजस्थान, मध्य प्रदेश या भागांतल्या न्यायालयीन हिंदीत 'राजीनामा' हा शब्द वादी-प्रतिवादींच्या समझोत्यासाठी सर्रास वापरला जातो. पदत्यागाला हिंदीत 'इस्तीफा' किंवा 'त्यागपत्र' म्हणतात.

भाषांतराची गफलत कुठे झाली असावी, हे पाहण्यासारखे आहे. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्यामुळे नुसता 'राजीनामा' हा शब्द समोर आला, तर तो कोणत्या भाषेतला आहे हे ठरवायला त्यात काहीच खूण नसते. पूर्ण वाक्यात 'के मध्य', 'हो चुका है' अशी हिंदीची ओळख पटवणारी अंगे असतात. आपण शब्द वाक्यातून उपटून काढतो तेव्हा नेमकी तीच मागे राहतात. मग आधीच मराठी भाषा निवडलेली असेल, किंवा ओळखण्याचे काम आपण त्या साधनावरच सोपवले असेल, तर मराठी वर्तमानपत्रांत मंत्र्यांच्या आणि अध्यक्षांच्या संदर्भात रोज छापला जाणारा अर्थ पुढे येणे स्वाभाविकच आहे. तो अर्थ चुकीचा नाही, फक्त तुमच्या कागदातला नाही.

मूळ फारसी शब्दाचा अर्थ पाहिला की दोन्ही वापर एकाच मुळाशी येतात. 'राजी' म्हणजे संमत, संतुष्ट आणि 'नामा' म्हणजे लेख; म्हणजेच राजीनामा हे मुळात संमतीपत्र. दावा लावणारा आता समाधानी आहे असे लिहून देतो, तेव्हा ते तडजोडीचे पत्र ठरते. एखादा माणूस आपला हक्क किंवा हुद्दा राजीखुशीने सोडतो, तेव्हा तेच सोडचिठ्ठीचे पत्र होते. जुन्या मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलात 'राजीनामा-कबुलायत' अशी जोडी होती : जमीन धारण करणारा राजीनामा देऊन ती सोडी आणि घेणारा कबुलायत लिहून देई. मराठीतला आजचा अर्थ या सोडून देण्याच्या बाजूचा आहे. गुजराती, कन्नड आणि तेलुगूतही पदत्याग हाच अर्थ चालतो. नेपाळीत, आणि तीही देवनागरीतच लिहिली जाते, पदत्यागाबरोबरच जमिनीच्या विक्रीखतालाही 'राजीनामा' म्हणतात. एकाच लिपीतले हे एकच अक्षररूप तीन भाषांत तीन वेगळ्या व्यवहारांचे कागद दाखवते, तेव्हा एका शब्दाला एक शब्द अशा उत्तरावर विसंबणे धोक्याचे आहे. जमिनीच्या प्रकरणात तर विशेषच.

आता पडताळणीकडे येऊ. पहिले काम म्हणजे त्या शब्दाची वाक्यातली सोबत पाहणे. मराठीत राजीनामा 'दिला' जातो, 'स्वीकारला' जातो, 'मागे घेतला' जातो, आणि तो एका व्यक्तीचा, कसल्यातरी पदाचा असतो. तुमच्या वाक्यात तो 'हो चुका है', तोही 'उभय पक्ष के मध्य'. दोघांच्या मध्ये पदत्याग होत नाही. इथेच शंका यायला हवी. ती पक्की करण्यासाठी त्या जागी एकेक पर्याय घालून वाक्य वाचावे : 'उभय पक्ष के मध्य इस्तीफा हो चुका है' हे निरर्थक ठरते आणि 'उभय पक्ष के मध्य समझौता हो चुका है' हे सरळ बसते.

त्यानंतर इतरांची वाक्ये शोधावीत. सुटा शब्द शोधू नये; आजूबाजूच्या दोन-तीन शब्दांसह, अवतरणचिन्हांत घालून शोधावे, उदाहरणार्थ "राजीनामा के आधार पर" किंवा "पक्षकारों के मध्य राजीनामा". मात्र सापडलेले प्रत्येक वाक्य ग्राह्य धरू नये. शब्दार्थ देणाऱ्या अनेक पानांवरची उदाहरणे स्वतःच यंत्राने भाषांतरित केलेली असतात. वाक्य कुठून घेतले याचा पत्ता नसतो, तेच वाक्य शब्दशः चार ठिकाणी दिसते आणि त्याची मराठी किंवा हिंदी कोणी बोलेल अशी नसते. अशा वाक्यांपेक्षा एखाद्या न्यायालयीन आदेशातले किंवा स्थानिक बातमीतले, कोणी कोणासाठी लिहिले हे कळणारे एकच वाक्य अधिक मोलाचे आहे.

उलटे भाषांतर करून पाहणे ही पडताळणी नव्हे, हेही इथे सांगायला हवे. 'राजीनामा'चे इंग्रजी घेतले आणि त्या इंग्रजीचे पुन्हा मराठी केले, तर 'राजीनामा'च परत येतो आणि आपले समाधान होते. प्रत्यक्षात पहिल्या वेळची चूकच दोनदा मोजली जाते. दुसरा आधार खरोखर दुसरा हवा, म्हणजे वेगळ्या माणसांनी वेगळ्या सामग्रीवरून तयार केलेला, आणि मुख्य म्हणजे योग्य भाषेचा. इथे आपला मोल्सवर्थ काढून उपयोग नाही, कारण तो मराठीचा कोश आहे. नागरी प्रचारिणी सभेचा 'हिंदी शब्दसागर' किंवा प्लॅट्सचा 1884 चा उर्दू-हिंदी कोश पाहावा. दोन्हींत तडजोडीचा अर्थ मिळतो, आणि दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर खुले आहेत. 'शब्दसागर'मध्ये शोधताना 'राज़ीनामा' असा नुक्ता देऊन काही मिळाले नाही, तर नुक्त्याशिवाय पाहावे. हे कोश जुने आहेत, त्यामुळे आज शब्द कुठल्या भागात किती चालतो हे त्यांतून कळत नाही. ते काम वर सांगितलेली ताजी वाक्ये करतात. दोन्हींचा मेळ बसला की अर्थ पक्का मानायला हरकत नाही.

तुमच्या त्याच वाक्यात दुसरा सापळाही आहे. 'तस्दीक' पाहून मराठी माणसाला 'तसदी' आठवेल, पण या दोघांचे मूळ वेगळे. 'तसदी' म्हणजे त्रास, तर 'तस्दीक' म्हणजे एखादी गोष्ट खरी असल्याची खातरजमा. न्यायालय पक्षकारांना समोर बोलावून, लेख त्यांनी समजून आणि स्वखुशीने केला आहे ना, हे विचारते, तेव्हा तो 'तस्दीक' होतो.

सुनेच्या घरी मराठीत लिहून द्यायचे असेल, तर असे लिहावे : 'उभय पक्षांत तडजोड झाली असून तडजोडपत्र न्यायालयात सादर करण्यात आले व न्यायालयाने त्याची खातरजमा केली.' दिवाणी दाव्यात अशी तडजोड दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3 खाली नोंदली जाते आणि तिच्या अटींनुसार हुकूमनामा होतो. म्हणून त्या कागदाच्या पुढच्या पानांवर 'राजीनामा की शर्तें' असा मजकूर आहे का, हे आधी पाहा. जमीन कोणाकडे किती गेली ते तिथे लिहिलेले असेल.