मर्मर ऐकू आला म्हणून फिटनेस सर्टिफिकेट अडलंय

*«मुलगा 9 वर्षांचा आहे. शाळेच्या फुटबॉल संघासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मर्मर आहे म्हणून सही केली नाही. त्याला आजवर कसलाही त्रास नाही. आता थेट इको करून घ्यावा का?»*

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि अशी सर्टिफिकेटं बरीच वर्षं देतो आहे. सही न करणाऱ्या डॉक्टरांचं मला चुकीचं वाटत नाही, पण त्यांनी पुढचं पाऊल सांगायला हवं होतं. ते पाऊल दरवेळी इकोच असतं असं नाही.

मर्मर म्हणजे रक्त वाहताना होणारा आवाज. वाढत्या वयातल्या खूप मुलांमध्ये तो कधी ना कधी ऐकू येतो, आणि बहुतेकांचं हृदय अगदी निरोगी असतं. तापात किंवा रक्त कमी असताना रक्त जोरात वाहतं, म्हणून तेव्हा तो जास्तच ऐकू येतो. मुलाला त्या दिवशी ताप असेल तर तो उतरल्यावर पुन्हा तपासून घ्या.

दुसऱ्या तपासणीत एक गोष्ट आवर्जून व्हायला हवी: मुलाला आधी झोपवून आणि मग उभं करून ऐकणं. घाईच्या तपासणीत नेमकं हेच राहून जातं. माणूस उभा राहिला की पायांकडून हृदयाकडे येणारं रक्त थोडं कमी होतं. साध्या, निरुपद्रवी मर्मरचा आवाज त्यामुळे मंदावतो, कधीकधी नाहीसाच होतो. पण हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड झाला असेल (याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात), तर हृदयात रक्त कमी आलं की बाहेर पडायची वाट आणखी अरुंद होते, आणि उभं राहिल्यावर मर्मर वाढतो. खेळताना अचानक मृत्यू येण्याच्या कारणांत हा आजार महत्त्वाचा आहे. म्हणून मैदानासाठी सही करताना मला त्याची भीती सगळ्यात जास्त वाटते.

एक उदाहरण सांगतो. 10 वर्षांची मुलगी, तिला धावण्याच्या शर्यतीत उतरायचं होतं. आधीच्या एका कागदावर लिहिलं होतं, «मर्मर आहे, दमवणारे खेळ टाळावेत.» कारण काही नाही. त्या एका ओळीवर ती दोन वर्षं खेळाच्या तासाला बाकावर बसून होती. झोपवल्यावर छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला, तार छेडल्यासारखा हलका आवाज येत होता. उभी केली तर जेमतेम उरला. हृदयाचे दोन्ही ठोके नीट होते, छातीवर हाताला थरथर लागत नव्हती, हातातला रक्तदाब ठीक होता, जांघेतली नाडीही चांगली लागत होती. (जांघेत नाडी मंद लागली तर महाधमनी अरुंद असल्याची शंका येते. ही तपासणीही बरेचदा राहते.) मग आईवडिलांना विचारलं: धावताना कधी भोवळ आली का, छातीत दुखलं का, बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर धाप लागते का, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? सगळ्याचं उत्तर नाही. ईसीजीही नॉर्मल आला. इको न करता मी लिहिलं: «निरुपद्रवी मर्मर. हृदयरोगाचं लक्षण नाही. सर्व खेळांसाठी, कोणत्याही बंधनाशिवाय योग्य.»

यातलं एक जरी उत्तर «हो» आलं असतं, आवाज मोठा किंवा उभं राहिल्यावर वाढणारा असता, किंवा दोन ठोक्यांनंतरच्या शांततेत तो ऐकू आला असता, तर मी सही थांबवून तिला बालहृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. इकोची जागा तिथे आहे. एरवी उगाच केलेल्या इकोतून कधी «ट्रिव्हियल टीआर» असा शेरा हाती येतो. झडपेतून किंचित रक्त मागे येणं, एवढाच त्याचा अर्थ. निरोगी मुलांतही ते दिसतं, पण घरच्यांची झोप उडते.

तुमच्या बाबतीत, मामा, काका, आजोबांपर्यंतची माहिती फोन करून गोळा करा आणि डॉक्टरांकडे जा. घरात जाड स्नायूचा आजार कुणाला असेल तर आज इको नॉर्मल आला म्हणून निश्चिंत राहू नका. हा आजार कित्येकदा वयात येताना दिसू लागतो, म्हणून अशा मुलांची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.

सर्टिफिकेटवर निदान स्पष्ट लिहून घ्या. नुसतं «मर्मर, फिट» लिहिलं तर पुढच्या वर्षी दुसरे डॉक्टर पुन्हा अडतील. आणि सही मिळाल्यावरही, मुलगा ऐन धावताना कोसळला तर तो कागद त्या क्षणी रद्द समजा. प्रार्थनेच्या रांगेत बराच वेळ उभं राहून घेरी येणं बहुधा साधं असतं. पळता पळता शुद्ध हरपणं मात्र तसं नसतं. पूर्ण तपासणी होईपर्यंत त्याला मैदानावर पाठवू नका.