31 वर्षांनी मित्राला पत्र: मायना काय घालावा, आणि तू की तुम्ही

प्रश्न: शाळेतल्या मित्राचा पत्ता मिळालाय. दहावीनंतर 31 वर्षं काही संबंध नाही. हाताने पत्र लिहायचंय पण मायन्यातच अडकलोय. स.न.वि.वि. लिहिलं तर ऑफिसचं वाटतं, प्रिय लिहिलं तर नाटकी. शाळेत आम्ही एकमेकांना आडनावानेच हाक मारायचो. तो आता बराच मोठा माणूस झालाय म्हणे, मग तू लिहू की तुम्ही?

आधी स.न.वि.वि.चं बघू, कारण त्याच्यावर उगाच अन्याय होतो. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. म्हणजे नमस्कार झाला, आता मुद्द्याचं ऐका, असा साधारण भाव. जुन्या रिवाजात मायना माणसाच्या नात्यावरून ठरायचा, वडीलधाऱ्यांना सा.न.वि.वि., म्हणजे साष्टांग नमस्कार, धाकट्यांना अनेक आशीर्वाद, आणि बरोबरीच्यांना हे सप्रेमवालं. तेव्हा नियमाने बघितलं तर वर्गमित्राला स.न.वि.वि. अगदी बरोबर आहे, तो तुमच्या बरोबरीचाच. पण पुढे हाच मायना अर्ज, सोसायटीच्या नोटिसा आणि लग्नाच्या आमंत्रणांमध्ये इतका वापरला गेला की त्यातलं 'सप्रेम' आता कोणाला ऐकूच येत नाही, फक्त चार टिंबं दिसतात. तुमच्या कानाला ते ऑफिसचं वाटतं हे चूक नाही. फार तर टिंबं काढून 'सप्रेम नमस्कार' असं पूर्ण लिहा, लगेच जरा ऊब येते. 'विनंती विशेष' मात्र सोडून द्या, मित्राकडे विनंती कसली करताय.

प्रिय मला तरी नाटकी वाटत नाही. नाटकी होतं ते त्याच्यापुढे काय येतं त्यामुळे. 'प्रिय मित्र दिलीप यास' (समजा त्याचं नाव दिलीप जोशी) हे शाळेच्या निबंधवहीतलं वळण, ते आता नको. त्यातली गंमत अशी की 'यास' ही तिसऱ्या माणसाबद्दल बोलायची भाषा आहे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्याची, आणि पुढच्याच ओळीत आपण 'तू कसा आहेस' म्हणून त्याच्याशी थेट बोलायला लागतो. शाळेत ते खपून गेलं कारण मार्क मायन्याला वेगळे आणि मजकुराला वेगळे होते. आणि 'यांस' लिहिलंत, वर अनुस्वार दिलात, की संपलं, तो आदरार्थी झाला, आता पुढे तुम्ही लिहिण्यावाचून सुटका नाही. नुसतं 'प्रिय दिलीप,' एवढं पुरे. दिलीपा वगैरे जुनं संबोधन करायला जाऊ नका, नावाचं असं रूप हल्ली कोणी करत नाही, ते खरंच नाटकी वाटेल.

आता आडनाव. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. वर्गात मुलं नुसतं आडनाव थोडंच घेतात, त्याला 'या' लावतात. जोशीचा जोश्या, कुलकर्णीचा कुलकर्ण्या, आणि नावाने हाक मारली तरी दिलीपचा दिल्या, संजयचा संज्या. हा 'या' फार मजेशीर आहे, तो तुच्छतेचाही आहे आणि लाडाचाही, आणि दोन्हीतला फरक फक्त आवाजात असतो. मैदानावरून मारलेली 'ए जोश्या' ही हाक आणि भांडणातली 'ए जोश्या' ही हाक, अक्षरं तीच. आणि कागदाला आवाज नाही, पंचाइत तिथेच आहे. शिवाय 31 वर्षांनी पाकीट कोण फोडेल ते सांगता येत नाही, बायको फोडेल, मुलगी फोडेल, पहिला शब्द जोश्या दिसला तर त्यांना वाटायचं वसुलीवाला आहे.

पण म्हणून तो शब्द टाकू नका, कारण तुमची खरी ओळख त्या शब्दातच आहे. दिलीप म्हणणारे त्याला आता शंभर जण असतील. जोश्या म्हणणारे किती उरले असतील? फक्त तो पहिला घालू नका, दुसरा घाला. मायना प्रिय दिलीप, आणि मजकूर उघडतानाच लिहा की 'दिलीप लिहिताना हात अडखळला कारण तुला जन्मात कधी दिलीप म्हटलेलं नाही. जोश्या, मी अमुक.' म्हणजे पाकीट कोणीही फोडो, गैरसमज नाही, आणि त्याला पहिल्या दोन ओळींत कळतं की कोण बोलतंय.

तू की तुम्हीचं उत्तर खरं म्हणजे यातच आलं. 'या' लावलेलं नाव तू मागतं. 'जोश्या, आपण कसे आहात' हे वाक्य फक्त चेष्टेतच होऊ शकतं. म्हणजे जोश्या लिहायचं ठरलं की तू ठरलंच.

तरी तुमची भीती मला कळते, कारण मी स्वतः हे करून बसलोय. एका वर्गमित्राला बऱ्याच वर्षांनी लिहिताना मलाही धीर झाला नाही, तेव्हा मी काय केलं तर तू पण नाही आणि तुम्ही पण नाही अशी वाक्यं शोधून शोधून लिहिली. मराठीत हे जमतं, आणि बऱ्यापैकी लांबपर्यंत जमतं. 'पत्र बघून नवल वाटेल.' 'मी आठवतोय का?' 'घरी सगळे ठीक ना?' या तिन्हीत समोरचा कोण आहे ते दिसतच नाही. कारण वाटणे, आठवणे या क्रियापदांत ज्याला वाटतं तो 'तुला' किंवा 'तुम्हाला' असा असतो, क्रियापद त्याच्यामागे जात नाही, जे आठवतं त्याच्यामागे जातं, म्हणून तो 'तुला' गाळला तरी वाक्य उभं राहतं. पण 'ओळखणे' वर्तमानकाळात आणलंत की पकडले गेलात. 'ओळखतोस का' म्हणा नाहीतर 'ओळखता का', शेवटी तोस किंवा ता लागणारच, मधली वाट नाही. कसा आहेस, कसे आहात, तेच. मी अशी कसरत करत पानभर लिहिलं आणि मला वाटलं काय हुशारी केली. त्याचं उत्तर आलं ते एका ओळीचं, 'पत्र पोचलं, मला काय म्हणायचं ते ठरलं की परत लिही.' म्हणजे दोन वाक्यं चालतात, पानभर केलं की वाचणाऱ्याला कळतं की हा लपतोय. शिवाय तुम्ही 'तुम्ही' लिहिलंत आणि त्याने 'तू' लिहून उत्तर दिलं तर दोघांचीही अडचण होते, त्याला वाटतं आपण उद्धट ठरलो. सुरुवात करणाऱ्याने तू म्हणावं, समोरच्याचं ओझं कमी होतं. मोठेपणा त्याचा त्याच्या ऑफिसात.

याच्याच पोटातली एक गोष्ट, इतक्या वर्षांच्या शांततेबद्दल लिहिताना. 'खूप वर्षांपासून आपलं बोलणं झालं नाही' असं हल्ली सर्रास दिसतं, ते हिंदीच्या 'से'चं भाषांतर आहे. मराठीत अशा नकाराला सहसा 'त' येतो. 'कित्येक वर्षांत पत्र नाही, भेट नाही.' 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीस.' म्हणून बघा, वाक्य लहान होतं आणि त्यात आपोआप थोडी तक्रार आणि थोडी माया येते, जी 'पासून'ने येत नाही. आणि 'आशा आहे की तू ठीक असशील' हे तर इंग्रजी पत्राचं मराठी, आपलं आहे ते 'तू खुशाल असशील' किंवा सरळ 'कसा आहेस'. 'पत्रास कारण की' हे आता विनोद म्हणूनच वापरता येतं, पण मित्राला विनोद चालतो, मी तर म्हणेन वापराच.

माफी लांबवू नका. 'राग नसावा' आणि 'रागावू नकोस' यात मी दुसरं घेईन. नसावा, असावा या रूपांतही तोच लपण्याचा गुण आहे, त्यात तू नाही आणि तुम्ही नाही, म्हणून तर 'लोभ असावा' हे वाटेल त्याला लिहिता येतं, सासऱ्याला आणि पोराला सारखंच.

पण शेवटी मात्र तेच 'लोभ असावा' मला या पत्रात हवंय. लोभ म्हणजे संस्कृतात हाव, पण मराठी पत्रात तो माया झाला, हे मला नेहमी छान वाटतं. 'लोभ आहेच तो वृद्धिंगत व्हावा' हे नको, 31 वर्षांत चौकशी केली नाही आणि लोभ आहेच म्हणायचं म्हणजे जरा निर्लज्जपणाच. 'असू दे' लिहिलंत तर त्यात तू आहे, बोलल्यासारखं वाटतं, तेही चालेल.

एकूण असं काहीसं होईल बघा:

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.
दिलीप लिहिताना हात अडखळला, तुला जन्मात कधी दिलीप म्हटलेलं नाही. जोश्या, मी पाटल्या. शेवटून दुसऱ्या बाकावरचा. मी आठवतोय का? 31 वर्षांत पत्र नाही, भेट नाही, चूक माझी तेवढीच तुझी, तेव्हा रागावू नकोस. पत्रास कारण की काही कारण नाही, पत्ता मिळाला आणि राहवेना. कसा आहेस?

इथून पुढे तुमचं तुम्ही लिहा, फक्त पहिल्याच पत्रात 31 वर्षांचा हिशोब देऊ नका, शाळेतली एखादीच गोष्ट घ्या जी फक्त तुम्हा दोघांना माहीत आहे. खाली सही 'तुझा, पाटल्या' आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात पूर्ण नाव, कारण त्या वर्गात पाटील एकच होता अशी खात्री आपल्याला नेहमी असते आणि बहुतेक वेळा ती चुकीची निघते.

फोन नंबर मजकुरात घालू नका, ता.क. करून घाला. ताजा कलम, म्हणजे पत्र संपल्यावर पुन्हा टाक बुडवून लिहिलेलं. मजकुरात नंबर आला की फोन करच असं होतं, ता.क.मध्ये आला की सहज आठवलं म्हणून लिहिलं असं वाटतं, मग करायचा की नाही ते त्याचं तो ठरवेल.