सारांशलेखन: वाक्यं उचलली आणि मुद्दाच सुटला

"मॅडम, महत्त्वाची सगळी वाक्यं घेतली, शब्दमर्यादा पाळली, तरी ६० पैकी १८च. असं का?"

यूपीएससीच्या मराठीच्या पेपरची तयारी करणारी मुलं ठाण्यात माझ्याकडे येतात आणि दर सीझनला हेच विचारतात. हा मुलगा कळव्याचा, क्लासच्या सराव परीक्षेचा पेपर घेऊन आलेला. उताऱ्यात पेन्सिलीने खुणा केलेल्या आणि त्याच ओळी जशाच्या तशा उत्तरात.

मी त्याला एक छोटा उतारा दिला: "पूर्वी गावातली विहीर ही फक्त पाणी भरण्याची जागा नव्हती. बायका तिथे सुखदुःखे सांगत, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोण आजारी आहे हे तिथेच कळे. नळ घरात आले, पाण्यासाठीची वणवण संपली, कष्ट वाचले. पण रोज भेटण्याचे निमित्तही त्याबरोबर गेले."

३७ शब्द, म्हणजे सारांश उताऱ्याच्या एक-तृतीयांश धरला तर १२-१३. त्याने लिहिलं, "विहीर ही फक्त पाणी भरण्याची जागा नव्हती. कोण आजारी आहे हे तिथेच कळे." तेरा शब्द इथेच संपले, नळ आलाच नाही आणि 'पण'च्या पुढचं, ज्यासाठी लेखकाने उतारा लिहिला, तेही राहिलं. मग त्याने शब्द बदलून पाहिले, पाण्याचं जल केलं, पण वाक्याचा सांगाडा तोच, लांबी तीच.

मी कागद उलटा ठेवला. म्हटलं, आता आईला फोनवर सांगतोयस असं समज, काय वाचलंस? तो जरा थांबला आणि म्हणाला, "घरी नळ आला, त्रास वाचला, पण बायकांचं भेटणं बंद झालं."

मोज म्हटलं. दहा शब्द! तो बघतच राहिला.

"पण मॅडम, पाहुणे, आजारी माणूस राहिले की."

"'भेटणं' म्हणालास ना, त्यात आले सगळे."

मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. उदाहरणं गाळायची म्हणजे टाकून द्यायची नाहीत, त्यांना पोटात घेणारा एक शब्द शोधायचा, आणि तो शब्द उतारा समोर असताना सहसा सुचत नाही कारण डोळे ओळीवरच अडकतात. माझ्या अनुभवात यामागे आळस क्वचितच असतो, भीती असते. शाळेत पुस्तकातल्या भाषेत उत्तर लिहिलं की पूर्ण मार्क मिळायचे, म्हणून स्वतःचं वाक्य ह्या मुलांना चुकीचंच वाटतं.

मग बोललेलं लेखी भाषेत आणलं: "नळामुळे कष्ट वाचले, पण विहिरीवरच्या रोजच्या भेटीगाठी थांबल्या." विहीर, नळ हे शब्द तेच ठेवले, ते विषयाचे आहेत, बदलायचे नसतात. स्वतःचं मत घालायचं नाही, प्रश्नात शीर्षक नको म्हटलं असेल तर तेही द्यायचं नाही.

आता तो लिहून झालं की उताऱ्याशी ताडून बघतो, सलग चार-पाच शब्द जुळले की ती ओळ खोडतो आणि उतारा झाकून परत सांगतो, मोठ्याने.