‘आख’ म्हणजे शिवी नव्हे

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेत लोक बोलताना लेकर, ब्राय, आग असले आफ्रिकान्स शब्द सारखे टाकतात. त्यांचा नेमका भाव काय? मला जोहान्सबर्गला नोकरी लागली आहे, मीही वापरले तर चालतील का?

आधी उच्चार. तो ‘आग’ नाही, ‘आख’ आहे, आणि त्यातला ख घशातून खरवडून काढायचा. ‘आग’ म्हणालात तर समोरच्याला काही कळणार नाही. आणि तिन्हींत हाच शब्द महत्त्वाचा आहे. लेकर कोणीही आठवड्याभरात उचलतो. आख कळायला माणसांत बसावं लागतं, कारण त्याला एकट्याला काही अर्थच नाही. तो किती ताणला आणि पुढे काय जोडलं, यावर सगळं ठरतं. आखूड ‘आख’ म्हणजे जाऊ दे, सोड. लांब ‘आऽऽख’ आणि पुढे ‘शेम’ आलं की माया किंवा कणव. हे शेम लाज काढायला नसतं बरं का. बाळ बघितलं तरी आख शेम, कुणाचा पाय मोडला तरी आख शेम, कुत्रं पावसात भिजलं तरी तेच. ‘आख नीअ मॅन’ म्हणजे ‘अरे नाही रे बाबा’. यात वैताग असतो, पण आपल्या माणसावरचा. परक्यावर खरोखर चिडलेला माणूस आख म्हणत बसत नाही, त्यासाठी त्या भाषेत दुसरा भरपूर माल आहे.

हे एवढं ठासून लिहितेय कारण या चार अक्षरांवरून आमच्या घरात भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही सेंच्युरियनला राहतो, प्रिटोरियाला लागून. शेजारी एक रिटायर्ड जोडपं, आफ्रिकान्स बोलणारं. त्यांना आम्ही ऊम आणि तानी म्हणतो. इथे वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नातं असो वा नसो. आपल्या काका-काकूंसारखंच, त्यामुळे मला ते पहिल्या दिवसापासून जमलं. एका मे महिन्यात पुण्याहून माझे मोठे दीर आले होते. मे म्हणजे इथे थंडी सुरू होते. ऊमनी शनिवारी ब्रायला, म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांवर मांस भाजायच्या बैठकीला बोलावलं, पाच वाजता या म्हणाले.

आम्ही पाचला पोचलो. भाऊजी जेवायच्या तयारीने आलेले, आणि तिथे अजून लाकडंच रचली जात होती. गॅस नाही, कोळशाची पिशवी नाही. सेकलबोसची लाकडं, म्हणजे इकडच्या बुशवेल्डातलं एक काटेरी, लोखंडासारखं जड झाड. ती पेटवायची, ज्वाळा पूर्ण बसू द्यायच्या, निखाऱ्यांवर पांढरी राख धरू द्यायची आणि मगच जाळी ठेवायची. निवांत तास-दीड तास जातो. भाऊजी माझ्या कानाशी, “अगं, यांनी आधी पेटवून ठेवायला काय झालं होतं? पाहुणे बोलावलेत ना?”

तेच तर आहे. आधी पेटवून ठेवली तर ब्राय कसली? या वेळेला ते कैयर म्हणतात. पेला हातात घेऊन आगीभोवती उभं राहायचं, पाऊस, रग्बी, पोराबाळांच्या गोष्टी करायच्या, कुणालाही कुठे जायची घाई नसते. मांस हे निमित्त. ‘ब्रायला या’ असं कुणी म्हटलं तर तो तुम्हाला संध्याकाळ देतोय, ताट नव्हे. म्हणून मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, घरून थोडं खाऊन जा. जेवण कधी, असं विचारलंत तर उत्तर येईल ‘नेटनोऊ’, म्हणजे मगाशी नाहीतर मग, कधीतरी. त्यावर घड्याळ लावू नका.

निखारे झाल्यावर ऊमनी जाळीच्या उंचीवर हात धरला. मनात पाचेक आकडे मोजेपर्यंत टिकला म्हणजे चॉप ठेवायचे. दहापर्यंत टिकला म्हणजे आच उतरली, आता ब्रायब्रोइकी. हे म्हणजे पावात चीज, टोमॅटो, कांदा घालून बाहेरून लोणी लावलेलं सँडविच, सगळ्यात शेवटी मंद निखाऱ्यावर भाजतात. आमच्यासाठी त्यांनी वेगळी छोटी जाळी काढून ठेवली होती, आम्ही न सांगता. जाळीला मांस लागलेलं आम्हाला चालत नाही हे त्यांनी आधीच्या एका भेटीत बघून ठेवलं होतं. भाऊजींनी ही गोष्ट कधी कुणाला सांगितलेली मी ऐकली नाही. ते सांगतात ती पुढची.

मधल्या मोठ्या जाळीवर बुरवोर्स होता. लांबच्या लांब सॉसेज, गोगलगाईसारखं गुंडाळलेलं. त्याच्या मसाल्यात मुख्य काय, तर धणे! भाजून भरडलेले धणे, सोबत जायफळ, लवंग आणि व्हिनेगर. वास आमच्या गल्लीतला वाटतो. बुरवोर्स म्हणून विकायचं तर त्यात किमान 90 टक्के मांस हवं आणि चरबी 30 टक्क्यांच्या वर जायला नको, असा इथे कायदाच आहे. आता एवढी चरबी आत आहे म्हटल्यावर त्याला टोचायचं नसतं. टोचलं की रस आणि चरबी निखाऱ्यावर गळते, भडका उडतो, वरून काजळी धरते आणि आतून सॉसेज कोरडं होतं. म्हणून ते मिटणाऱ्या जाळीत दाबून अख्खं उलटतात, नाहीतर चिमट्याने. काटा वर्ज्य.

ऊम आत मीठ आणायला गेले. भाऊजींना गप्प उभं राहवेना. मदत करावी म्हणून टेबलावरचा काटा उचलला आणि बुरवोर्सला दोन-तीन ठिकाणी खुपसून उलटायला गेले. स्वतः खात नाहीत, पण मदतीचा उत्साह दांडगा. चर्रर्र झालं, हातभर ज्वाळा वर आली. आगीभोवतीचे सगळे एकदम गप्प. दुसऱ्याच्या आगीला हात लावायचा नाही, हा इथला अलिखित नियम आहे. सल्ला हवा तेवढा द्या, चिमटा ज्याचा त्याच्याकडेच. ऊम बाहेर आले, बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, “आऽख नीअ, मॅन.” मग हसले, भाऊजींच्या खांद्यावर थोपटलं, चिमट्याने सॉसेज बाजूला सरकवलं आणि भाऊजींना म्हणाले, आता इथे माझ्या शेजारी उभे राहा.

भाऊजींचं म्हणणं, चारचौघांत माझा अपमान केला. गोऱ्याचा माज म्हणे. पुण्यात आजही ही गोष्ट अशीच सांगितली जाते. मी तेव्हाही सांगितलं, आता इथे लिहूनच ठेवते: खांद्यावर हात ठेवून म्हटलेला ‘आख नीअ मॅन’ म्हणजे तुम्ही घरातले झालात. परक्या पाहुण्याला ऊम ‘नो प्रॉब्लेम’ छापाचं गोड इंग्रजी बोलले असते आणि परत बोलावलं नसतं. आणि शेजारी उभं राहा म्हणणं तर मानाचंच. आगीजवळ असं कुणालाही उभं करत नाहीत.

भाऊजींचा दुसरा मुद्दा, वर्णभेद लादणाऱ्या जुलमी गोऱ्यांची भाषा तुम्ही काय कौतुकाने बोलता? याला निम्मं उत्तर असं की आफ्रिकान्स घरी बोलणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त लोक गोरे नाहीतच. केपमध्ये गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या तोंडी ही भाषा घडली, त्यांत हिंदुस्थानातून नेलेलेही होते. एकोणिसाव्या शतकात केप टाउनच्या मुस्लिम मदरशांत ती अरबी लिपीत लिहिली जात होती. लोणच्याला आफ्रिकान्समध्ये आतयार म्हणतात, ते कुठून आलं असेल ते भाऊजींनीच ओळखावं.

लेकरचं राहिलंच. मूळ अर्थ चवदार, पण ते कशालाही लागतं: लेकर झोप, लेकर ऊन, लेकर माणूस. आपल्या ‘मस्त’च्या जवळचं, पण मस्त आपण नुसतं शेरा मारल्यासारखं म्हणतो. लेकरमध्ये अंगाला मिळालेलं सुख असतं, आळसासकट. तब्येत बरी नसली की ‘लेकर वाटत नाहीये’. कुणी थोडी चढवली असेल तर त्याला लेकरलेफ म्हणतात. आणि दुसऱ्याची फजिती बघून गुदगुल्या होणं, त्यालाही लेकरच लावतात, ‘लेकर क्रेय’. भाऊजींच्या भडक्याच्या वेळी मला थोडं तेच झालं होतं.

आता तुमच्या नोकरीचं. लेकर बिनधास्त वापरा, ते इथल्या सगळ्यांच्या इंग्रजीत मुरलंय. ब्रायला बार्बेक्यू म्हणू नका, आणि गॅसवर केलेल्याला ब्राय म्हणू नका. टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत, त्यालाच शिसा न्यामा म्हणतात, तिथे तोच शब्द बरा. आख मात्र घाईने वापरू नका, सूर चुकला की नाटकी वाटतं. आधी ऐका.

आणि हे मी वर लिहायला हवं होतं: जोहान्सबर्ग म्हणजे सोवेटो ही तिथली टाउनशिपही आली. शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकायची सक्ती केली म्हणून 16 जून 1976 ला तिथे मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या पिढीतला एखादा सहकारी तुमच्याच ऑफिसात असेल. तो स्वतः लेकर म्हणेलही, पण तुम्ही नव्याने शिकलेली आख्खी आफ्रिकान्स वाक्यं त्याच्यापुढे फेकू नका. भाऊजींच्या म्हणण्यात एवढं तथ्य आहे, आणि त्यांना हे मी तोंडावर कबूल करणार नाही. उत्तर त्यांना कुणी पाठवू नये.