नग गुणिले भाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या दुकानात आलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि तू फरशीवर बसून पाऊण इंची स्क्रू मोजत होतास. शंभर-शंभरचे ढीग लावून. माझा चहा संपला, तुझे स्क्रू संपेनात. मग उठलास, केबलच्या ड्रमकडे एक नजर टाकलीस आणि वहीत लिहिलंस, "अंदाजे 60 मीटर". तिथं मला राहवेना, पण पोऱ्यासमोर बोलणं बरं दिसलं नसतं. निघताना तू म्हणालास, "काका, दोन दिवस धंदा बंद ठेवून सगळं मोजतो, तरी दरवर्षी हिशेबात भोक पडतंच. कुठून सुरुवात करू तेच कळत नाही."

आता ऐक. वस्तूची किंमत बघायची नाही. दुकानात किती माल पडलाय तेही बघायचं नाही. वर्षभरात किती नग गेले आणि तो नग तुला केवढ्याला पडला, त्यांचा गुणाकार बघायचा. नग गुणिले भाव. भाव म्हणजे खरेदीचा, एमआरपी नव्हे.

तू दाखवलेला वर्षाचा कागद मी घरी आणला होता. 240 वस्तू, खरेदीच्या भावानं मिळून 30 लाख. एकेका वस्तूचा गुणाकार केला आणि मोठ्या आकड्यापासून खाली मांडत गेलो. अडीच एमएमची सबमर्सिबल केबल 6,000 मीटर, 80 रुपयांनी, म्हणजे 4 लाख 80 हजार. त्याखाली वाइंडिंगची तांब्याची तार. काचेमागे ज्याला रोज फडकं मारतोस तो पंप 28 हजारांचा खरा, पण वर्षात गेले दोन, म्हणजे 56 हजार. आणि 120 रुपयांचा कपॅसिटर, जो उघड्या खोक्यात दारापाशी असतो, तो गेला 900 नग. 1 लाख 8 हजार! पंपाला कुलूप आणि कपॅसिटरला खोकं. कळलं का मी का चिडलो ते?

बेरीज करत गेलो तर पहिल्या 28 वस्तूंतच 21 लाख 60 हजार झाले, म्हणजे शंभरातले 72. हा तुझा अ वर्ग. पुढच्या 52 वस्तूंत 5 लाख 70 हजार, तो ब. उरलेल्या 160 वस्तूंत मिळून फक्त 2 लाख 70 हजार, तो क. स्क्रू, वॉशर, टेप सगळे तिथे. तुझे दोन दिवस या 160 मध्ये गेले. ही वाटणी काही माझी नाही, 1951 साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या फोर्ड डिकी यांनी ती मांडली. रेघ 72 वर मारायची की 75 वर, यावर वाद घालू नकोस. एखादी वस्तू काठावर असेल तर वर घे आणि पुढे चल.

मोजायचं कसं, तर दुकान बंद ठेवून नाही. रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी अ मधली एक वस्तू. 28 वस्तू, महिन्याभरात फेरी पूर्ण. ब तिमाहीला एकदा, म्हणजे आठवड्याला चार. क वर्षातून एकदा, तेही स्क्रू वजनावर. क चा माल दोन डब्यांत ठेव, एक रिकामा झाला की मागव आणि दुसऱ्यातून विक. एवढी राखण पुरे.

केबलला डोळ्याचा अंदाज चालत नाही. तुझ्या ड्रमवरच्या केबलवर दर मीटरला आकडा छापलेला आहे, मी चष्मा लावून बघितला. आतल्या टोकाचा आकडा ड्रम आला त्या दिवशीच खडूनं बाजूवर लिही, बाहेरच्या टोकाचा रोज वाचता येतो. वजाबाकी म्हणजे शिल्लक. तांब्याच्या तारेचं रीळ काट्यावर ठेव, पण रिकाम्या रिळाचं वजन त्यावर आधीच लिहिलेलं हवं. मोजताना कॉम्प्युटरमधली शिल्लक आधी बघायची नाही. आधी कागदावर लिही, मग मिळवून बघ. नाहीतर डोळा तोच आकडा शोधतो. फरक आला तर त्याच दिवशी बिलं काढ. महिन्याभराची बिलं चाळता येतात, वर्षाची नाही.

मी हे एवढं कातावून का सांगतो, ते तुला माहीत नाही. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात मी स्टोअरला होतो. मोटारी आणि बेअरिंग मी कुलपात ठेवायचो, बायांना शिवणयंत्राच्या सुया मोजून द्यायचो आणि जुनी सुई परत घ्यायचो. आणि डाइंगला काळा रंग? तो डब्यानं जायचा. एक डबा म्हणजे एक किलो, असं सगळे धरून चालले होते. डबा शीग भरला की किलोपेक्षा जास्त जातो, हे मी काट्यावर कधी ठेवून बघितलं नाही. मार्चला रंग दोन पिंपांनी कमी भरला, 50 किलो. संशय एका हमालावर गेला आणि त्याला काढलं. जूनमध्ये मी सहज तो डबा वजन केला. सव्वा किलो. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं. मी आणखी काय करायला हवं होतं? नोकरी माझीही होती, मुलं लहान होती. तरी तो माणूस गड्ड्याच्या जत्रेत दिसला की मी रस्ता बदलायचो. नंतर सगळ्या मालाचा गुणाकार केला, तेव्हा काळा रंग पहिला निघाला. दुसरं काय निघालं सांगू? मीठ. डाइंगचं साधं मीठ, पोती उघड्यावर पडलेली, किलोला काही मोल नाही, पण टनांनी जायचं. सुया शेवटच्या पानावर होत्या.

म्हणून, नग गुणिले भाव. पुन्हा सांगतोय, कंटाळलास तरी ऐक.

गुणाकार एका ठिकाणी मात्र फसतो. तुझं चाळीस रुपयांचं ऑइल सील यादीत तळाला आहे. मे महिन्यात शेतकऱ्याची मोटार उभी आणि तुझ्याकडे सील नाही, तर तो समोरच्या दुकानात जाईल आणि केबलही तिथूनच घेईल. अशा पाच-सात वस्तूंपुढे लाल ठिपका दे. मोजणी त्यांची क सारखीच, फक्त साठा दुप्पट ठेव, त्यात पैसा अडकतोच किती? आणि गेल्या साली त्या ठेकेदारानं एकदम 2,000 मीटर जी चार एमएमची केबल नेली, ती गुणाकारातून वजा कर. तो दरवर्षी येणार नाही. यादी दर एप्रिलला नव्यानं कर, जुन्या यादीवर दुकान चालवू नकोस.

पंप काचेतच राहू दे, शोभा आहे. कपॅसिटरचं खोकं तेवढं काउंटरच्या आत घे. सोमवारी केबलपासून सुरू कर आणि पहिल्या फेरीत काय फरक आला तो मला कळव, कितीही वाईट असला तरी. पोऱ्यावर संशय घेण्याआधी तुझा मीटरचा गज टेपनं तपासून बघ.

तुझा,
काका