तुल्कू, यांगसी आणि वारसदार

प्रश्न : दलाई लामांच्या बातम्यांत कुणी 'अवतार' लिहितं, कुणी 'पुनर्जन्म', कुणी 'वारसदार', तर कुणी 'उत्तराधिकारी'. यातला नेमका शब्द कोणता? आणि तिबेटी लोक स्वतः काय म्हणतात?

उत्तर : तिबेटी माणूस 'तुल्कू' म्हणतो. हा 'निर्माणकाय' या संस्कृत शब्दाचा तिबेटी अनुवाद आहे. महायान बौद्ध मतात बुद्धाला तीन काया मानल्या आहेत : धर्मकाय, संभोगकाय आणि निर्माणकाय. त्यांपैकी लोकांच्या डोळ्यांना दिसते ती तिसरी. प्राण्यांच्या कल्याणासाठी धारण केलेला देह, असा तिचा अर्थ. गेलेल्या लामाचा पुन्हा जन्म झाला आहे असं ज्या मुलाबद्दल ठरतं, त्याच्यासाठी आणखी एक शब्द आहे, 'यांगसी', म्हणजे पुन्हा झालेला जन्म. तुल्कू ही पदवी जन्मभर चालते. 'यांगसी' मात्र नेहमी कुणाचा तरी असतो. अमक्या रिंपोछेंचा यांगसी, असं बोलतात.

'अवतार' हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण मराठीत तो देवाला चिकटलेला आहे. चिंचवडच्या मोरया गोसाव्यांच्या घराण्यात सात पिढ्या गणपतीचा अंश मानला गेला. तिथे तो अंश बापाकडून मुलाकडे, रक्ताच्या वाटेने गेला. तुल्कूची वाट याच्या नेमकी उलटी आहे, आणि ती का उलटी झाली हे पाहिलं की 'वारसदार' हा शब्द बातम्यांत कुठून शिरला तेही कळतं.

भिक्षूला मूलबाळ नसतं. मठाकडे मात्र जमिनी असतात, दाते असतात, पोथ्या आणि भांडीकुंडी असतात, आणि प्रमुख गेला की हे सगळं कुणाकडे तरी जावं लागतं. जुन्या तिबेटात याचं एक उत्तर होतं काका-पुतण्याची परंपरा. साक्य मठाची गादी एकाच खोन घराण्यात चालत आली, ती आजपर्यंत. करमा काग्यू परंपरेने दुसरा रस्ता काढला. पहिले करमापा दुसुम ख्येन्पा 1193 साली वारले. 1204 साली जन्मलेल्या करमा पाक्षी यांना त्यांचाच पुनर्जन्म मानलं गेलं. पुनर्जन्माची कल्पना भारतातून आलेली, जुनीच. नवं होतं ते असं, की नव्याने जन्मलेल्या मुलाकडे आधीच्या जन्मातली गादी आणि मालमत्ता सोपवायची. लामाच्या नावाने चालणाऱ्या या मिळकतीला 'लाब्रांग' म्हणतात. लामा मरतो, लाब्रांग मरत नाही. कारभारी ती सांभाळतात आणि यांगसी सापडला की त्याच्या हवाली करतात. धर्मकल्पनेला राजकारणाचं वजन इथून येऊ लागलं, असं माझं मत आहे. ज्याच्या हाती मूल ओळखण्याचा अधिकार, त्याच्या हाती लाब्रांग.

दलाई लामांच्या बाबतीत हे वजन फारच वाढलं. 1578 साली मंगोल सरदार अल्तान खानाने सोनम ग्यात्सो यांना 'दलाई' ही पदवी दिली. ग्यात्सो म्हणजे समुद्र, आणि त्याचंच मंगोल भाषेतलं रूप दलाई. त्यांच्या आधीच्या दोन जन्मांना ती पदवी मागाहून लावली, म्हणून सोनम ग्यात्सो तिसरे ठरले. चौथे दलाई लामा याच अल्तान खानाच्या घराण्यात सापडले. 1642 साली गुश्री खान या दुसऱ्या मंगोल सरदाराने युद्ध जिंकून पाचव्या दलाई लामांना तिबेटची सत्ता वाहिली. एका मठपरंपरेची वारसा ठरवण्याची रीत त्या दिवसापासून राज्याची रीत झाली.

ती राज्याला कशी जड गेली, हे सहाव्या दलाई लामांच्या गोष्टीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठेच दिसत नाही. त्यांचा जन्म आपल्या आजच्या अरुणाचल प्रदेशात, तवांगजवळ 1683 साली झाला, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते.

पाचवे दलाई लामा 1682 साली वारले. ल्हासातल्या पोटाला राजवाड्याचं बांधकाम अपुरं होतं, मंगोल सरदार टपून होते. या रीतीतली मोठी खोच इथे आहे : राजा गेल्यावर नवा राजा जन्माला यायचा, सापडायचा आणि वाढायचा, त्यात वीस-एक वर्षं जातात. दिवाण देसी सांग्ये ग्यात्सो यांनी मृत्यूच लपवला. लामा दीर्घ ध्यानाला बसले आहेत, असं जाहीर केलं, आणि भेट टाळता येईना तेव्हा मिळत्याजुळत्या चेहऱ्याच्या भिक्षूला आसनावर बसवलं. मूल दोन-तीन वर्षांतच शोधून काढलं होतं, पण त्याला आईबापांसह गुपचूप पहाऱ्यात ठेवलं. 1697 साली, म्हणजे पंधरा वर्षांनी, खरं काय ते सांगितलं आणि मुलाला पोटाल्यात आणून गादीवर बसवलं. त्सांगयांग ग्यात्सो हे त्यांचं नाव.

हा तरुण भिक्षूपणात रमला नाही. 1702 साली पूर्ण दीक्षा घ्यायची वेळ आली, तेव्हा ती घेणं राहिलं बाजूला, त्यांनी श्रामणेराची आधीची व्रतंही ताशी ल्हुन्पो मठाचे प्रमुख पांचेन लामा यांना परत केली. केस वाढवले, धनुष्यबाण खेळू लागले, ल्हासाच्या गल्ल्यांतून फिरू लागले, प्रेमाची गाणी रचू लागले. ती गाणी तिबेटी लोक आजही गातात.

राजाने असं केलं असतं तर त्याला गादीवरून उतरवता आलं असतं. मठाधिपतीने केलं असतं तर मठाबाहेर काढता आलं असतं. पण तुल्कूपण हे काही कुणी नेमून दिलेलं पद नाही. व्रतं मोडली तरी आधीच्या जन्माशी असलेलं नातं कसं मोडणार? मंगोल सरदार ल्हाझांग खानाने 1705 साली देसीला ठार केलं आणि पुढच्या वर्षी लामांची सभा बोलावून या तरुणाचा निवाडा मागितला. काहींनी म्हटलं की बोधी यांना सोडून गेली आहे. पण हे पाचव्यांचा पुनर्जन्मच नव्हेत, असं म्हणायला सभा तयार झाली नाही. खानाने मग बळाने त्यांना पकडून चीनच्या दिशेने रवाना केलं. द्रेपुंग मठाच्या भिक्षूंनी वाटेत त्यांना सोडवून मठात नेलं, तेव्हा रक्तपात टाळण्यासाठी ते आपण होऊन सैनिकांच्या स्वाधीन झाले. 1706 च्या अखेरीस, कोकोनोर सरोवराकडच्या वाटेवर, त्यांचा मृत्यू झाला.

खानाने येशे ग्यात्सो नावाच्या भिक्षूला खरा सहावा म्हणून बसवलं. चीनच्या बादशहाने मान्यता दिली, पण लोकांनी दिली नाही. त्सांगयांग यांच्या एका गाण्यात पांढऱ्या क्रौंच पक्ष्याला म्हटलं आहे, की तुझे पंख मला दे, मी दूर जात नाही, लिथांगहून परत येईन. 1708 साली लिथांगमध्ये एक मूल जन्मलं आणि लोकांना त्या गाण्याचा अर्थ लागला. ते केलसांग ग्यात्सो. 1720 साली चिनी फौजच त्यांना घेऊन ल्हासाला आली. आता आकड्याकडे बघा. तिबेटी लोकांच्या लेखी केलसांग सातवे होते, कारण ते त्सांगयांग यांचा यांगसी. बादशहाने दिलेल्या मोहरेवर मात्र 'सहावे' असं कोरलं होतं, म्हणजे त्सांगयांग मोजणीतूनच गेले. केलसांग यांच्यानंतरच्या लामांना चिनी दरबाराने 'आठवे' म्हटलं, तेव्हा कुठे तो वाद मिटला.

पुनर्जन्म ठरवण्यासाठी सोन्याचा कलश आला तो यानंतर. 1791 साली नेपाळच्या गुरख्यांनी ताशी ल्हुन्पो मठ लुटला. या भानगडीत शामारपा या तुल्कूचा हात असल्याचं ठरवून चिनी दरबाराने त्यांची पुनर्जन्माची परंपराच बंद केली! छ्यान्लुंग बादशहाची तक्रार होती की हे पुनर्जन्म नेमके बड्या घराण्यांत, लामांच्या भावा-पुतण्यांतच सापडतात, मग वंशपरंपरेत आणि यात फरक तो काय? तक्रार खोटी नव्हती. त्याचा उपाय मात्र स्वतःच्या हाती दोरी ठेवणारा होता : उमेदवार मुलांची नावं मांचू, चिनी आणि तिबेटी लिपीत हस्तिदंती पट्ट्यांवर लिहायची, कलशात टाकायची, आणि ल्हासाच्या जोखांग मंदिरात बादशहाच्या प्रतिनिधीसमोर एक पट्टी काढायची. चिठ्ठी टाकण्याला तिबेटी माणसाची मुळात हरकत नव्हती. चिठ्ठ्या पिठाच्या सारख्या वजनाच्या गोळ्यांत घालून, भांडं फिरवून एक बाहेर पाडण्याची त्यांची जुनी रीत आहेच. हरकत होती ती भांडं कुणाच्या हातात आहे याला. म्हणून नवव्या, तेराव्या आणि चौदाव्या दलाई लामांच्या वेळी कलशातून सूट मिळवली गेली.

कलश पुन्हा निघाला तो 1995 साली. दहावे पांचेन लामा 1989 मध्ये वारले होते. मे 1995 मध्ये दलाई लामांनी गेदुन छोक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला त्यांचा पुनर्जन्म म्हणून जाहीर केलं. तीन दिवसांत ते मूल आणि त्याचं कुटुंब चिनी ताब्यात गेलं आणि पुन्हा लोकांसमोर आलं नाही. नोव्हेंबरात जोखांगमध्ये कलशातून दुसऱ्या मुलाचं नाव निघालं. दलाई आणि पांचेन एकमेकांचे यांगसी ओळखण्यात मोठा भाग घेत आले आहेत, म्हणून पांचेन लामांचं हे प्रकरण पुढच्या दलाई लामांशी थेट जोडलेलं आहे. 2007 साली चीनने नियमच काढला की सरकारी मंजुरीशिवाय कुठलाही पुनर्जन्म ग्राह्य नाही. चिनी भाषेत या लामांना 'जिवंत बुद्ध' म्हणतात. तिबेटीत तसा अर्थ नाही, तेव्हा मराठी बातमीत तो शब्द उचलू नये.

तर शब्द कोणता वापरावा? मुलाबद्दल आणि श्रद्धेबद्दल लिहिताना 'तुल्कू' लिहावं आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्यावा. आधीच्या लामाशी नातं सांगायचं तर 'पुनर्जन्म'. 'उत्तराधिकारी' हा अधिकाराचा शब्द आहे, तो गादीपुरता ठेवावा. 2011 साली चौदाव्या दलाई लामांनी राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवले, त्यामुळे सरकारप्रमुख या अर्थाने त्यांचा उत्तराधिकारी आता निवडणुकीतून येतो. तुल्कूचा शोध हा वेगळा विषय झाला. 'वारसदार' मी तरी टाळीन, त्यात रक्त आणि सातबारा दोन्ही येतात.

'पुनर्जन्म' लिहितानाही एक अडचण ध्यानात ठेवावी. 2011 सालीच सप्टेंबरमध्ये काढलेल्या निवेदनात दलाई लामांनी लामा हयात असतानाच प्रकट होणाऱ्या तुल्कूची चर्चा केली आहे. तिबेटीत त्याला 'मादे तुल्कू' म्हणतात, म्हणजे देह ठेवण्याआधीचा तुल्कू. तो मार्ग त्यांनी घेतला तर आधीचे लामा जिवंत असतील, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या मुलाला मराठीत 'पुनर्जन्म' म्हणता येणार नाही. तिथे 'तुल्कू' हाच शब्द चालेल.