गेटवरची पाटी वाचून मुलाखत दिली, मालक म्हणाले ‘कळवतो’; आता काय करावे?

प्रश्न: मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि दिघीला राहतो. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीनशॉपच्या गेटवर ‘क्यूसी इन्स्पेक्टर पाहिजे’ अशी पाटी बघून गेल्या शुक्रवारी थेट आत गेलो. सुपरवायझरनी ड्रॉइंग वाचायला लावलं आणि मायक्रोमीटर हातात दिला. रीडिंग १२.७८ होतं, मी १२.२८ सांगितलं, त्यांनी चूक दाखवली. मग मालक पाच मिनिटं बोलले, एका वहीत माझा नंबर लिहिला आणि ‘बघतो, कळवतो’ म्हणाले. आठ दिवस झाले, फोन नाही. बाबा म्हणतात मागे लागू नकोस, मित्र म्हणतो रोज जाऊन उभा राहा. मी काय करू?

उत्तर: ‘कळवतो’ या शब्दामागे मोठ्या कंपनीत एक यंत्रणा असते. अर्ज एका विभागाकडे जातो, यादी होते आणि नकार असला तरी उशिरा का होईना ईमेल येतो. ज्या शॉपमध्ये तुम्ही गेलात तिथे यापैकी काहीच नसते. मालक स्वतः ऑर्डर आणतात, मालाचे पैसे वसूल करतात, बिघडलेल्या मशीनसाठी मेकॅनिक शोधतात आणि त्यातून वेळ मिळाला तर माणूस घेण्याचा विचार करतात. तुमचा नंबर ज्या वहीत लिहिला गेला, त्याच वहीत बहुधा मटेरियलचे वजन आणि टेम्पोवाल्याचा नंबरही असेल. त्यामुळे आठ दिवसांच्या शांततेवरून होकार किंवा नकार असा कोणताही निष्कर्ष काढू नये. अशा ठिकाणी उमेदवाराची फाइल कोणी तयार करत नाही, म्हणून ती तुम्हालाच करून द्यावी लागते आणि तीही अशी की मालकांना निर्णय घ्यायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये.

आधी हे लक्षात घ्यावे की जागेची खरी गरज मालकांपेक्षा सुपरवायझरला आहे. इन्स्पेक्टर नसला की तपासणी त्यांच्याच अंगावर पडते, आणि माल रिजेक्ट होऊन परत आला की पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो. पगाराचा आकडा मालक ठरवतील. पण ‘तो मुलगा बरा होता, घेऊया’ हे वाक्य निघायचे असेल तर ते सुपरवायझरच्या तोंडून निघेल. म्हणून त्यांचा नंबर तुमच्याकडे असेल तर पहिला निरोप त्यांना पाठवावा. नसेल तर पाटीवरच्या नंबरवर पाठवावा आणि त्यात सुपरवायझर साहेबांनी चाचणी घेतली होती, असा उल्लेख करावा.

आता मायक्रोमीटरच्या त्या रीडिंगविषयी. ती चूक लपवण्याकडे तुमचा कल असेल, पण माझ्या मते तुमच्या निरोपातली सर्वांत उपयोगी ओळ तिच्यातूनच निघते. साध्या मायक्रोमीटरचे थिंबल एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकते आणि त्यावर ५० भाग असतात, म्हणजे एक भाग ०.०१ मिलिमीटरचा. स्लीव्हवर १२ ची रेघ दिसत होती, तिच्यापुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघही उघडी झालेली होती आणि थिंबलवर २८ जुळत होते. म्हणून १२ अधिक ०.५० अधिक ०.२८, असे १२.७८. तुमच्या नजरेतून मधली रेघ सुटली. शिकाऊ मुलांकडून ही चूक नेहमी होते आणि सुपरवायझरला ते ठाऊक असते. त्यांना काळजी असते ती वेगळीच: हा मुलगा दोन महिन्यांनंतरही अर्ध्या मिलिमीटरने चुकून चांगला माल बाजूला काढेल का, किंवा खराब माल पुढे सोडेल का? त्या काळजीला उत्तर देणारे एक वाक्य, तेही खरे, तुम्ही लिहू शकता. त्यासाठी आधी कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये परवानगी घेऊन सराव करा. व्हर्निअरने आधी ढोबळ माप घ्यायचे आणि मग मायक्रोमीटरचे रीडिंग त्याच्याशी ताडून पाहायचे, ही सवय लावलीत तर अर्ध्या मिलिमीटरची चूक जागच्या जागी पकडली जाते.

निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा, कारण अशा शॉपमध्ये ईमेल बहुतेक वेळा फक्त अकाउंटंट उघडतो. मजकूर साधारण असा असावा: ‘नमस्कार साहेब. मी (पूर्ण नाव). गेल्या शुक्रवारी गेटवरची पाटी पाहून क्यूसी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आलो होतो. आपण ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर वाचायला दिला होता. त्यात अर्ध्या मिलिमीटरची रेघ माझ्याकडून सुटली. त्यानंतर लॅबमध्ये सराव केला आहे आणि आता रीडिंग व्हर्निअरशी ताडून घेतो. मी दिघीला राहतो, दोन्ही पाळ्यांना येऊ शकतो आणि सोमवारपासून रुजू होऊ शकतो. बायोडेटा सोबत जोडला आहे.’ यापेक्षा जास्त लिहू नये. दिवस, जागा आणि चाचणी यांचा उल्लेख तुम्ही कोण हे आठवण्यासाठी आहे. राहण्याचे ठिकाण, पाळी आणि रुजू होण्याचा दिवस हे निर्णयासाठी आहेत. दूर राहणारा मुलगा महिन्याभरात सोडून जातो, हा छोट्या मालकांचा नेहमीचा अनुभव असतो, त्यामुळे दिघी हा शब्द तुमच्या बाजूने बोलतो. बायोडेटा एका पानाचा, पीडीएफ स्वरूपात असावा आणि फाइलला तुमचे नाव व ‘क्यूसी’ असे नाव द्यावे. मोबाइलमध्ये ‘स्कॅन’ नावाच्या वीस फाइलींत ती नंतर कोणालाही सापडणार नाही.

निरोपाला दोन कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर फोन करावा, आणि फोनची वेळ नीट निवडावी. भोसरीत साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, त्या दिवशी फोन करू नये. सकाळी पाळी सुरू होताना सेटिंग आणि पहिल्या नगाची तपासणी चालू असते, तर संध्याकाळी माल भरून चलन बनवण्याची घाई असते. दुपारी अकरा ते साडेबारा ही वेळ त्यातल्या त्यात मोकळी. महिन्याची ७ तारीख पगाराची, आणि ११ व २० या दर महिन्याला जीएसटी विवरणपत्रे भरणाऱ्यांच्या शेवटच्या तारखा. या दिवशी मालकांकडून शांतपणे बोलण्याची अपेक्षा ठेवू नये.

फोनवर ‘माझं काय झालं?’ असे विचारू नये. या प्रश्नाला समोरच्याकडे उत्तर नसते आणि मग ‘सांगतो’ एवढेच म्हणून तो सुटका करून घेतो. त्याऐवजी, ‘साहेब, ती जागा अजून भरायची आहे का, आणि साधारण कधीपर्यंत ठरेल?’ असे विचारावे. ‘नवीन काम आलं की बोलावतो’ हे उत्तर आले तर ते बहुतेक वेळा खरे असते, कारण जॉबवर्कच्या शॉपमध्ये माणसाची गरज ऑर्डरवर अवलंबून असते. तेव्हा ‘पंधरा दिवसांनी पुन्हा फोन केला तर चालेल का?’ असे विचारून परवानगी घेऊन ठेवावी. परवानगी घेऊन केलेला दुसरा फोन म्हणजे मागे लागणे नव्हे, हे बाबांनाही सांगता येईल. त्यांनी तुमच्या वतीने फोन करू नये एवढे मात्र आवर्जून सांगा. शॉपफ्लोअरवर इतरांचे जॉब थांबवून ‘हा रिजेक्ट आहे’ म्हणायचे काम ज्याने करायचे, त्याने स्वतःचे बोलणे स्वतःच केले पाहिजे.

मित्राच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे. जिथे पाटी वाचून आत जाता येते, तिथे एकदा पुन्हा जाऊन भेटणे गैर मानले जात नाही. पण एकदाच, फोन करून, आणि सुपरवायझर कामात असतील तर बायोडेटाची छापील प्रत ठेवून निघावे. गेटवर रोज उभे राहिलात तर इन्स्पेक्शनसाठी लागणारा तोल तुमच्याकडे नाही, असाच समज होईल. एक निरोप, एक फोन, एक भेट आणि परवानगी घेतलेला दुसरा फोन, एवढे झाल्यावर थांबावे. त्या काळात पाटी निघाली किंवा इन्स्पेक्शनच्या टेबलावर नवा मुलगा दिसला, तर तेच उत्तर समजावे. या काळात आसपासच्या दुसऱ्या शॉपमध्येही जात राहावे. तिथे मिळाले तर इथे तसे कळवावे, कारण सुपरवायझर नोकऱ्या बदलतात आणि ओळख ठेवतात.

एक उत्तर मात्र अनेकांना गोंधळात टाकते: ‘उद्यापासून ये, दोन दिवस काम बघू.’ याला हो म्हणण्यास हरकत नाही, पण त्याच फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात. या दोन दिवसांचे पैसे मिळणार का, आणि पुढचा पगार आठ तासांचा सांगत आहात की बारा तासांचा? छोट्या शॉपमध्ये सांगितला जाणारा आकडा पुष्कळदा बारा तासांचा असतो, आणि तो ऐकून आनंदलेल्या मुलाला फरक पहिल्या पगाराला कळतो. कायद्याप्रमाणे जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने देय असतो. तुमच्या शॉपमध्ये काय प्रथा आहे हे रुजू होण्याआधी माहीत असलेले बरे. कामगार १० किंवा अधिक असतील आणि तुमचा मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होते. पीएफ साधारणतः २० कामगारांपासून. मशीनच्या शेजारी उभे राहायचे आहे, त्यामुळे ईएसआयची नोंदणी कधी होणार हे विचारायला संकोच करू नये.

ठरले की नियुक्तिपत्राची मागणी करावीच, पण ते यायला वेळ लागेल असे गृहीत धरून त्याच दिवशी तुम्हीच एक निरोप पाठवावा: ‘साहेब, आज बोलणे झाल्याप्रमाणे मी सोमवारी सकाळी क्यूसी म्हणून रुजू होत आहे. पगार महिना अमुक, आठ तासांचा, जादा वेळ वेगळा, सुटी गुरुवारी. काही चुकले असल्यास कळवावे.’ त्याला नुसते ‘ओके’ आले तरी तारीख-वेळेसह लेखी नोंद राहते आणि पुढे पगारावरून मतभेद झाला तर ती दाखवता येते. कागदपत्रे मागितली तर झेरॉक्स द्याव्यात. मूळ गुणपत्रिका आणि डिप्लोमाचे प्रमाणपत्र पडताळणीसाठी समोर दाखवून तिथल्या तिथे परत घ्यावे. ‘जमा ठेवा, सोडताना देतो’ असे कोणी म्हणाले तर ती नोकरी स्वीकारू नये.